रिवाइंडिंगनंतर सिंक्रोनस मोटर अर्ध्या वेगावर रेंगाळते, अँमिटरचा काटा झोके घेत राहतो (रबाळे)

रबाळे_पॉवरहाऊस · रविवार, रात्री १०:२०

मंडळी, आठ दिवस झोप नीट लागत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

आमच्याकडे रबाळे एमआयडीसीत एक रेसिप्रोकेटिंग गॅस कॉम्प्रेसर आहे, त्याला सिंक्रोनस मोटर. १००० किलोवॅट, ६.६ केव्ही, १६ पोल, ३७५ आरपीएम, फुल लोडला ११५ अँपिअर. स्लिप रिंगवाली आहे, एक्साइटेशन थायरिस्टर पॅनेलवरून. मोटर जुनी पण गुणी. मी इथे लागल्याला बारा वर्षं झाली, तिने कधी रात्री उठवलं नाही.

गेल्या महिन्यात फील्डच्या, म्हणजे रोटरच्या पोलवरच्या डीसी कॉइलच्या, इन्सुलेशनचं मेगर रीडिंग फार खाली आलं, म्हणून सोळाही पोल उतरवून कॉइल बाहेरून रिवाइंड करून घेतल्या. स्टेटरला कोणी हात लावलेला नाही. मोटर परत बसवली आणि तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, स्टार्ट. पूर्वी कॉम्प्रेसर अनलोड ठेवून ब्रेकर मारला की नऊ सेकंदांत मोटर वेग घ्यायची, फील्ड लागायचं, करंट धपकन खाली यायचा. आता सोळा सेकंद लागतात. मध्येच कुठेतरी ती थबकते, आवाज एकसुरी होतो, मग पुढे सरकते. पाच स्टार्टपैकी दोनदा तर फील्ड लागलंच नाही आणि २० सेकंदांनी इनकम्प्लीट सिक्वेन्सवर ट्रिप झाली.

दुसरी, चालू असताना. अनलोडरने कॉम्प्रेसरचा लोड ५० टक्क्यांवरून १०० वर नेला की अँमिटरचा काटा झोके घेतो. आधीही घ्यायचा, पण दोन-तीन झोक्यांत शांत व्हायचा. आता बराच वेळ नाचत राहतो. प्रॉडक्शनवाले म्हणतात चालतेय ना, चालू द्या. मला ते पटत नाही. काय तपासू?

---

एक्साइटेशनवाला · रविवार, रात्री ११:०५

हंटिंग आहे दादा. सरळ उपाय, फील्ड करंट वाढवा. पॉवर फॅक्टर लीडिंगला घ्या, मोटर घट्ट पकडून राहील. मी तुर्भ्याला एका ठिकाणी असंच केलं होतं, काटा लगेच शांत झाला. नव्या कॉइलमध्ये वळणं इकडेतिकडे झाली असतील म्हणून तुमचं जुनं सेटिंग आता कमी पडत असेल.

---

रबाळे_पॉवरहाऊस · सोमवार, सकाळी ७:५०

केलं होतं. फील्ड १५ टक्के वाढवून पाहिलं. झोका थोडा लहान झाला आणि किंचित जलद झाला, पण थांबायला तेवढाच वेळ. शिवाय स्टार्टचं दुखणं तसंच, आणि स्टार्टच्या वेळी तर फील्ड लागलेलंच नसतं. कॉइलची वळणं मोजून घेतली होती, सोळाही पोलचा ड्रॉप सारखा आहे.

---

शुक्रतारा_घोडबंदर · सोमवार, सकाळी ९:१५

आमच्या सोसायटीच्या पंपाचंही अगदी हेच चाललंय. बटण दाबलं की नुसता हुंकार देतो, फिरत नाही. वॉचमन पंख्याला हाताने धक्का देतो तेव्हा सुरू होतो. याच्या मोटरमध्ये वेगळं काही बसवता येईल का? टँकरवर किती दिवस काढायचे?

---

निशिगंधा_ऐरोली · सोमवार, सकाळी ९:४०

शुक्रतारा, तुमचा पंप सिंगल फेज इंडक्शन मोटरचा आहे. त्याच्या रोटरमध्ये पिंजरा असतोच, वेगळं काही बसवायचं नाही. हुंकार देणं आणि धक्क्याने सुरू होणं म्हणजे बहुधा स्टार्टचा कपॅसिटर गेलाय. इलेक्ट्रिशियनला तोच बदलायला सांगा, आणि वॉचमनला पंख्यात हात घालू देऊ नका. बोट जाईल.

रबाळे, तुमची गोष्ट वेगळी आहे. जुना_वाइंडर काका इकडे फिरकतात का पाहा, त्यांनी असे पोल हाताने बसवलेत.

---

जुना_वाइंडर · सोमवार, दुपारी ३:३०

आलो. मी कळव्याला असतो, आता रिटायर झालोय, पण पोलचा विषय निघाला की राहवत नाही.

आधी तीन गोष्टी सांगा. एक, मोटर थबकते ती नेमकी कोणत्या वेगावर? दोन, काट्याचे झोके सेकंदाला किती? डोळ्यांनी अंदाज नको, मोजा. तीन, डिस्चार्ज रेझिस्टर तोच आहे ना, आणि फील्डचा रेझिस्टन्स आधीच्या इतकाच आला का?

एक्साइटेशनवाले, तुमचं अर्धं बरोबर आहे. फील्ड वाढवलं की रोटर आणि स्टेटरच्या मधली ओढ ताठ होते. झोपाळ्याची दोरी आखूड केल्यासारखं. झोका लहान होतो आणि जलद होतो, त्यांनी तेच पाहिलं. पण झोपाळा थांबतो तो दोरीमुळे नाही, जमिनीला पाय घासल्यामुळे. या मोटरमध्ये पाय घासायचं काम पोलच्या तोंडावरचे डॅम्पर बार करतात. माझा संशय तिथेच आहे, कारण स्टार्ट आणि झोके एकाच दिवशी बिघडले. दोघांना जोडणारी वस्तू या मोटरमध्ये एकच आहे.

---

डिप्लोमा_तिसरं_वर्ष · सोमवार, संध्याकाळी ६:१०

मध्येच विचारतो, माफ करा. आम्हाला शिकवलं की सिंक्रोनस मोटर स्वतःहून सुरू होत नाही. पण फील्डला डीसी आधीच देऊन ठेवला तर पोल चुंबक झालेलेच असतात, मग स्टेटरचं फिरतं क्षेत्र त्यांना ओढून का नेत नाही?

---

निशिगंधा_ऐरोली · सोमवार, रात्री ८:००

ओढतं की. पण कुठे ओढतं ते पाहा. रोटर उभा आहे आणि स्टेटरचं क्षेत्र ३७५ आरपीएमने पुढून जातंय. प्रत्येक पोलसमोरून उत्तर-दक्षिण ही जोडी सेकंदाला ५० वेळा जाते. म्हणजे १० मिलिसेकंद पोल पुढे ओढला जातो आणि पुढचे १० मिलिसेकंद मागे. फ्लायव्हीलसकट एवढं धूड १० मिलिसेकंदांत काय हलणार? ते जागच्या जागी थरथरतं आणि स्टेटर तापतो.

म्हणून सुरुवातीला डीसी द्यायचाच नाही. काका म्हणाले ते डॅम्पर बार म्हणजे पोलच्या तोंडात बसवलेले तांब्याचे गज, दोन्ही टोकांना रिंगने जोडलेले, म्हणजेच पिंजरा. फिरतं क्षेत्र त्यांना कापत जातं, त्यांच्यात करंट येतो आणि इंडक्शन मोटरसारखा एकाच दिशेने ढकला बसतो. वेग वाढत जातो तसं क्षेत्र आणि गज यांच्या वेगातलं अंतर कमी होतं, करंटची फ्रिक्वेन्सी ५० वरून खाली येते. पूर्ण वेगाला मात्र गज कधीच पोचवत नाहीत, कारण बरोबरीने पळायला लागले की कापणं थांबलं, करंट थांबला, ढकलाही थांबला.

साधारण ९५ टक्क्यांवर मग डीसी लावायचा. तिथे स्लिप, म्हणजे वेगातली तूट, ५ टक्के, म्हणजे २.५ हर्ट्झ. आता पुढची ओढ एका वेळी ०.२ सेकंद टिकते. ०.०१ आणि ०.२, या फरकावर सगळं आहे. एवढ्या वेळात उरलेला थोडासा वेग भरून निघतो आणि पोल पकडला जातो.

आणि एक. सुरुवातीला फील्ड उघडं सोडायचं नसतं. शेकडो वळणं आणि ५० हर्ट्झ, टोकांना हजारो व्होल्ट तयार होतात आणि इन्सुलेशन फुटतं. म्हणून ते डिस्चार्ज रेझिस्टरमधून बंद ठेवतात. पॅनेलमधला रिलेही त्या रेझिस्टरवरचीच फ्रिक्वेन्सी पाहून ठरवतो की डीसी केव्हा लावायचा.

---

रबाळे_पॉवरहाऊस · मंगळवार, रात्री ९:३०

काका, मोजलं.

अँमिटरसमोर मोबाइल धरून व्हिडिओ घेतला आणि हळू करून पाहिला. अनलोडर बदलल्यावर १० झोक्यांना ६.६ सेकंद, म्हणजे सेकंदाला दीड. पहिला झोका ८५ ते १३०. निम्म्यावर यायलाच सहा-सात झोके, आणि पूर्ण शांत व्हायला दहा सेकंदांच्या पुढे. याशिवाय काट्याला एक बारीक थरथर कायम आहे, ती मोजता आली नाही.

वेग: शाफ्टवर पट्टी चिकटवून टॅकोमीटर धरला. १९५ ते २०० आरपीएमवर चार-पाच सेकंद अडकते. नंतर ३४८-३५० पर्यंत जाते आणि तिथेच राहते. डिस्चार्ज रेझिस्टरवर साडेतीन हर्ट्झ दिसले. रिले ५ टक्के स्लिपला लावलेला आहे, म्हणून बिचारा थांबून राहतो.

डिस्चार्ज रेझिस्टर जुनाच, ८ ओहम. फील्ड थंड असताना ०.९ ओहम, आधीच्या रिपोर्टशी जुळतं.

---

जुना_वाइंडर · मंगळवार, रात्री १०:४५

शाब्बास. अशी माहिती दिली की बोलायला जमिनीवर पाय टेकतात.

आधी ती बारीक थरथर बाजूला काढू. तुमचा कॉम्प्रेसर सेकंदाला ६.२५ फेरे मारतो. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दाबतो तेव्हा टॉर्क वाढतो, सोडतो तेव्हा कमी होतो. त्या तालावर करंट थरथरणारच, ती कॉम्प्रेसरची सक्ती आहे. डॅम्पर ती नाहीशी करत नाही, फ्लायव्हील तिला आवरतं. करंटचा हा वरखालीपणा फुल लोड करंटच्या ६६ टक्क्यांच्या आत असावा अशी नेमा या अमेरिकन संस्थेची जुनी मर्यादा आहे. तुमच्या ११५ अँपिअरवर ते साधारण ७६ अँपिअर. रेकॉर्डर लावून एकदा पाहून ठेवा, आधीइतकाच असेल तर व्हॉल्व्ह ठीक आहेत.

तुमचं दुखणं ते दीड हर्ट्झवालं. तो मोटरचा स्वतःचा झोका आहे. लोड बदललं की पोलला थोडं मागे सरकून नव्या कोनात बसायचं असतं. तो सरकतो, वेगात पुढे निघून जातो, परत येतो. सरासरी वेग ३७५ च राहतो, पण त्या आसपास रोटर किंचित मागेपुढे होतो, आणि त्या मागेपुढे होण्यात बार क्षेत्राला कापतात. लगेच करंट येतो आणि जी हालचाल चाललीय तिलाच विरोध करतो. पोल पुढे धावला तर मागे खेचतो, मागे पडला तर पुढे ढकलतो. कोन किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, वेगातल्या फरकाशी आहे. म्हणून झोका मरतो. तुमचा मरत नाहीये.

आता ते १९५ आरपीएम. ३७५ चा अर्धा १८७. पिंजरा सगळीकडून सारखा असेल तर मोटर तिथे थांबायला काही कारण नाही. पण पिंजरा पोलच्या अंगावर धड आणि दोन पोलच्या मध्ये तुटका असेल, तर रोटरच्या करंटमधून एक उलटं फिरणारं क्षेत्रही तयार होतं. अर्ध्या वेगापर्यंत ते मदत करतं आणि अर्ध्याच्या जरा पुढे गेलं की मागे ओढायला लागतं. मोटर नेमकी त्या उंबरठ्यावर अडखळते. डिस्चार्ज रेझिस्टर फार कमी असला तरी असंच होतं, म्हणून तो विचारला होता. तुमचा फील्डच्या नऊ पट आहे, ठीक आहे.

पोल उतरवताना काय सोडावं लागतं ते आठवा. प्रत्येक पोलच्या रिंगचा तुकडा शेजारच्या पोलला तांब्याच्या पट्टीने बोल्ट केलेला असतो. सोळा फटी, दोन बाजू, बत्तीस पट्ट्या. जुन्या ड्रॉइंगवर याला अमॉर्टिसर कनेक्शन लिहिलेलं असेल. त्या बत्तीस पट्ट्या उघडून पाहा.

आणि हात जोडून सांगतो, ट्रिप झाल्यावर लगेच दुसरा स्टार्ट देऊ नका. दिलात का?

---

रबाळे_पॉवरहाऊस · मंगळवार, रात्री ११:१०

एकदा दिला. दहा मिनिटांनी. प्रॉडक्शनचा फोन सारखा वाजत होता.

---

एक्साइटेशनवाला · बुधवार, सकाळी ८:२०

काका, एक शंका. मोटर सिंक्रोनस वेगाला असताना बारमध्ये करंटच नसतो असं आम्ही शिकलो. मग चालत्या मोटरच्या हंटिंगचा दोष बारला कसा देता? मला अजूनही वाटतं थायरिस्टर पॅनेलचा रेग्युलेटर झोके घालत असेल. मी तसं पाहिलंय.

---

जुना_वाइंडर · बुधवार, दुपारी १२:१५

वेग अगदी स्थिर असेल तर नसतो, बरोबर. पण तुमच्या "सिंक्रोनस वेगाला" या शब्दांत स्थिर कोन गृहीत धरलाय. कोन हलला की करंट आला. झोका मेला की करंट गेला.

रेग्युलेटरची शंका मात्र वाईट नाही. रबाळे, पॅनेल मॅन्युअलवर टाकून तोच अनलोडर प्रयोग करा. झोके तसेच राहिले तर रेग्युलेटर निर्दोष.

---

रबाळे_पॉवरहाऊस · बुधवार, संध्याकाळी ७:००

मॅन्युअलवर केलं. तसेच. शनिवारी आठ तासांचं शटडाऊन मंजूर करून घेतलंय. ट्रिपच्या प्रिंट समोर ठेवल्या तेव्हा कुठे साहेब तयार झाले.

---

रबाळे_पॉवरहाऊस · शनिवार, रात्री ११:४०

काका, तुमच्या पाया पडतो.

कव्हर काढलं तेव्हा वरवर सगळं चकाचक. नवीन लाल व्हार्निश, बोल्ट टाइट, लॉकवॉशर जागेवर. स्पॅनर लावून पाहिला तर एकही बोल्ट हलेना. मनात म्हटलं, काहीच नाहीये इथे. मग निशिगंधाताईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मायक्रोओहम मीटर मागवला आणि एकेक जोड मोजत गेलो.

चांगले जोड ८ ते १२ मायक्रोओहम. आणि मग एकदम ३८०. पुढचा ९. त्याच्या पुढचा ६१०. बत्तीसपैकी तेरा जोड असे निघाले, सोळापैकी दहा फटींमध्ये पसरलेले.

पहिला वाईट जोड उघडला. पट्टी उचलल्यावर तिच्या खालच्या अंगाला तोच लाल व्हार्निश, गुळगुळीत, आरशासारखा. पोलसकट बुडवून काढताना किंवा स्प्रे करताना जोडाच्या तोंडावर चिकटपट्टी लावायला कोणीतरी विसरलं. बोल्टच्या भोवती एक नाण्याएवढी जागा दाबाने उघडी पडली होती, तिथे तांबं काळंनिळं झालं होतं. सगळा करंट त्या नाण्यातून जात होता.

तेराही उघडले, तोंडं घासून उजळली, पुन्हा आवळली. आता सगळे ७ ते १३ च्या आत.

पण एक नवीन काळजी. ९ नंबरच्या पोलवर, कडेच्या एका बारच्या ब्रेझिंगला केसासारखी चीर आहे. छोट्या हातोडीने टिचकी मारली की बाकीचे बार टण्ण वाजतात, हा बद्द. डाय पेनिट्रंट मारल्यावर लाल रेघ अर्ध्या परिघावर उमटली.

---

निशिगंधा_ऐरोली · रविवार, सकाळी १०:००

मीटर लावलात हे फार बरं झालं. टाइट बोल्ट पाहून बंद करणारेच जास्त असतात.

३८० मायक्रोओहम ऐकून कोणी म्हणेल, एवढ्याशा रेझिस्टन्सने काय होतंय. म्हणून एक हिशोब. रबाळेंनी काल मला बार मोजून सांगितला, १६ मिलिमीटर जाड, ४०० मिलिमीटर लांब, तांब्याचा. त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स जेमतेम ३४ मायक्रोओहम येतो. म्हणजे ३८० चा जोड म्हणजे वाटेत अकरा बार एकापुढे एक जोडल्यासारखं झालं. झोक्याची फ्रिक्वेन्सी दीड हर्ट्झ, तिथे रिअ‍ॅक्टन्स नगण्य, सगळा खेळ रेझिस्टन्सचा. त्या वाटेने करंट जाणारच नाही. पोलच्या आतल्या आत थोडा फिरत राहिला, म्हणून मोटर सुरू तरी होत होती.

---

जुना_वाइंडर · रविवार, सकाळी ११:३०

चिरेबद्दल. हे मी म्हणतो म्हणून नको, हिशोबाने पाहा.

रोटर आणि फ्लायव्हील मिळून इनर्शिया किती, ते डेटाशीटवर असेल.

---

रबाळे_पॉवरहाऊस · रविवार, दुपारी १२:०५

४००० किलोग्रॅम मीटर वर्ग लिहिलंय. पोलवर सहा बार, एकूण ९६.

---

जुना_वाइंडर · रविवार, दुपारी १:००

मग ऐका. शून्यापासून ३७५ आरपीएमपर्यंत नेताना त्या चाकात सुमारे ३१ लाख ज्यूल साठतात. आणि पिंजऱ्यावर सुरू होणाऱ्या कुठल्याही मोटरचा नियम असा की जेवढी ऊर्जा चाकात जाते, साधारण तेवढीच उष्णता रोटरमध्ये होते. तुम्ही व्होल्टेज कमी करा, वेळ वाढवा, ती चुकत नाही. वर लोड असेल किंवा मध्ये अडकली तर आणखी.

९६ बारचं तांबं साधारण ६९ किलो. सगळी उष्णता त्यांच्यातच राहिली असं धरलं तर एका स्टार्टला सुमारे ११५ अंश वाढ. प्रत्यक्षात काही रिंगमध्ये, काही पोलच्या लोखंडात, काही डिस्चार्ज रेझिस्टरमध्ये जाते, पण सुरुवातीच्या नऊ सेकंदांत फार नाही. ११५ अंशांनी ४०० मिलिमीटरचा बार पाऊण मिलिमीटरहून थोडा जास्त लांब होतो. दोन्ही टोकं रिंगला ब्रेझ केलेली. रिंगला सरकायला जागा असेल तर ठीक, नाहीतर तो पाऊण मिलिमीटर ब्रेझिंगवरच येतो.

तुमच्या मोटरमध्ये वाटणीही बिघडली होती. काही फटी बंद पडल्या म्हणून कडेच्या बारवर जास्त करंट, अर्ध्या वेगावर चार-पाच सेकंद रेंगाळणं, आणि वर दहा मिनिटांत दुसरा स्टार्ट. लोखंडातून उष्णता बाहेर पडायला तास-दीड तास लागतो. अशा मोटरच्या प्लेटवर थंड असताना लागोपाठ दोन, गरम असताना एक स्टार्ट लिहिलेलं असतं ते याचसाठी. कडेचा बार फुटला यात मला नवल नाही.

---

एक्साइटेशनवाला · रविवार, दुपारी ४:४५

माझ्या मते चीर जुनी असणार. वर्कशॉपमध्ये पोल उतरवताना-चढवताना रिंगला मार बसला असेल. एका गरम स्टार्टने ब्रेझिंग जात नाही.

आणि एक सुचवतो. बार बदलायचेच असतील तर पितळेचे घाला. रेझिस्टन्स जास्त, स्टार्टिंग टॉर्क जास्त, नऊचे सात सेकंद होतील.

---

निशिगंधा_ऐरोली · रविवार, संध्याकाळी ६:२०

स्टार्टिंग टॉर्क वाढेल हे खरं, पण दुसऱ्या टोकाला किंमत मोजावी लागेल. पितळेचा रेझिस्टन्स तांब्याच्या तीन-चार पट. मग मोटर ९६ टक्क्यांऐवजी त्याच्या खालीच स्थिरावेल, फील्ड पकडणं अवघड होईल, आणि झोके मारण्याची ताकदही कमी. त्यांना नेमका तोच त्रास होता. चक्की किंवा बॉल मिलसारखं जड लोड उभ्यापासून उचलायचं असतं तिथे पितळ घालतात. अनलोड सुरू होणाऱ्या पण चालताना धक्के देणाऱ्या कॉम्प्रेसरला तांबंच बरं. एका पोलवर पितळ आणि पंधरावर तांबं असं तर मुळीच नको.

---

डिप्लोमा_तिसरं_वर्ष · रविवार, रात्री ९:००

चीर असलेला बार तसाच ठेवून चालवलं तर काय होईल? ९६ मधला एकच तर आहे.

---

जुना_वाइंडर · रविवार, रात्री ९:५०

बाळा, एका बारने स्टार्ट बिघडत नाही, झोक्यांतही फरक दिसणार नाही. भीती वेगळी आहे. त्याचा करंट शेजारच्या बारवर जातो, पुढच्या स्टार्टला तो जास्त तापतो, मग त्याचं ब्रेझिंग. आणि सुटलेलं टोक बाहेर आलं तर स्टेटरच्या वाइंडिंगला घासतं. ६.६ केव्हीच्या कॉइलला गजाचं टोक लागलं की काय होतं ते मी एकदा पाहिलंय, सगळा ओव्हरहँग काळा. म्हणून तो बार सोडायचा नाही.

पण जागेवर ब्रेझिंग करू नका. सिल्व्हर ब्रेझिंगला सहा-सातशे अंश लागतात आणि बोटभर अंतरावर नवी कोरी फील्ड कॉइल आहे. पोल बाहेर काढूनच करा.

---

रबाळे_पॉवरहाऊस · गुरुवार, रात्री १०:१५

उशिरा कळवतोय, दोन दिवस साइटवरच होतो.

९ नंबरचा पोल काढला, बार बदलला, दोन्ही टोकं सिल्व्हर ब्रेझ केली. यावेळी व्हार्निशच्या आधी जोडाच्या तोंडांना मी स्वतः चिकटपट्टी लावली आणि आवळल्यानंतर पुन्हा बत्तीसही जोड मोजले. सगळे आकडे तारखेसह मोटरच्या फाइलमध्ये लावलेत.

काल दुपारी स्टार्ट दिला. मी टॅकोमीटर धरून उभा होतो. १९० गेलं, २०० गेलं, कुठेही थांबली नाही. ३६० ला रिलेने फील्ड घातलं, पोल पकडले गेले तेव्हाचा तो एकच जाड हुंकार पायाखाली जाणवला आणि करंट खाली आला. दहा सेकंद. अनलोडर १०० वर नेला, काटा तीन झोके घेऊन बसला. बारीक थरथर रेकॉर्डरवर ४० अँपिअरच्या आसपास आहे.

पूर्वीचे नऊ सेकंद मात्र आले नाहीत, दहा ते साडेदहाच लागतात. व्होल्टेज त्या दिवशी ६.४ होतं, कदाचित त्यामुळे. आणि उतरवलेल्या बारच्या चिरेत आतल्या बाजूला जुना काळा थर होता, बाहेरच्या बाजूला तांबं ताजं लखलखीत. म्हणजे चीर जुनीच असून नंतर वाढली का? बार जपून ठेवलाय. काका, शनिवारी कळव्याला घेऊन येऊ का?

---

जुना_वाइंडर · गुरुवार, रात्री १०:४०

ये. भिंग घेऊन बसतो. दोन्ही टोकं कापू नको, आहे तसा आण. आणि व्होल्टेज ६.६ असेल त्या दिवशी एक थंड स्टार्ट मोजून ठेव. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो, ६.४ ला तो सहा टक्क्यांनी कमीच. तरीही दहाच लागले तर उरलेले बार एकेक वाजवून पाहू.

---

एक्साइटेशनवाला · गुरुवार, रात्री ११:०५

मीही येतो. तुर्भ्याच्या त्या मोटरचे जोड कोणी कधी मोजले नव्हते, तेवढं आता मनात राहिलंय. मायक्रोओहम मीटर दोन दिवसांसाठी कोणाकडे मिळेल?

---

निशिगंधा_ऐरोली · शुक्रवार, सकाळी ७:३०

माझ्याकडे आहे. सोमवारनंतर ऐरोलीहून घेऊन जा. लीड चार तारांच्याच वापरा, दोन तारांनी मोजलंत तर लीडचाच रेझिस्टन्स दिसेल.